गोळ्यांची पट्टी खरी की बनावट: डोळ्यांना काय कळतं आणि काय कळत नाही

गेल्या पावसाळ्यात कवठे महांकाळकडचे एक आण्णा नातवाला घेऊन सांगलीत माझ्या मेडिकलवर आले आणि त्यांनी काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. दोन्ही टेल्मिसार्टन ४० च्या, बीपीच्या. ब्रँड एकच, कंपनी एकच. "ही तुमच्याकडनं न्हेलेली, आन् ही पावण्यानं आणून दिली, निम्म्या दरात. दीड म्हैना झाला, बीपी काय खाली यीना. मिरजंच्या डॉक्टरांनी मापलं तर एकशेसाठ." मी पाहुण्याची पट्टी उचलणार तोच नातू म्हणाला, "ती नाही काका, तुमची बघा. तुमच्या पट्टीवर स्पेलिंग चुकलंय."

आणि खरंच चुकलं होतं. माझ्या दुकानातल्या पट्टीवर कंपनीच्या पत्त्यात 'इंडस्ट्रियल' या शब्दातलं एक अक्षर गळालं होतं. पाहुण्याच्या पट्टीवरचा पत्ता मात्र शुद्ध होता. पोरगं मोबाइलवर कुठंतरी वाचून आलं होतं की स्पेलिंग चुकलं म्हणजे माल डुप्लिकेट. पुढचे काही आठवडे त्या दोन पट्ट्यांच्या मागे गेले. त्यात जे केलं ते इथं क्रमाने सांगतो, कारण घरात कुणालाही असा संशय येऊ शकतो आणि पहिल्याच पायरीला घोळ होतो.

सगळ्यात आधी: गोळी बंद करू नका, पट्टी फेकू नका

संशय आला की लोक दोन चुका करतात. एक तर गोळी घेणंच थांबवतात. बीपी, साखर, फिट्स, हृदय यांच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर बनावट गोळीपेक्षा तेच महागात पडू शकतं. संशयित पट्टी बाजूला ठेवा, त्याच दिवशी ओळखीच्या दुकानातून बिलासह नवी पट्टी घ्या आणि डॉक्टरांना कळवा. आण्णांना मी तसंच करायला लावलं. डॉक्टरांना सांगणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. बीपी वाढायला गोळीच कारण असते असं नाही. मीठ, गुडघेदुखीसाठी घेतलेल्या गोळ्या, चुकलेले डोस यांनीही ते वाढतं.

दुसरी चूक म्हणजे रागाने पट्टी फेकून देणं, नाहीतर सगळ्या गोळ्या फोडून पाण्यात विरघळवून बघणं. पाण्यात गोळी कशी फुटते यावरून काहीही ठरत नाही. काही गोळ्यांवर मुद्दाम असा थर दिलेला असतो की त्या पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळाव्यात. आण्णांनी सहा पट्ट्या घेतल्या होत्या. तीन वापरल्या होत्या आणि तीन बंद होत्या, पंधरा-पंधराच्या. त्या तीन बंद पट्ट्यांना हात लावू नका म्हटलं. पुढे त्याच कामाला आल्या.

तुलना कशाशी करायची

एकटी पट्टी बघून काही कळत नाही, तिच्या शेजारी खात्रीची पट्टी लागते. ब्रँड तोच, ताकद तीच, पट्टीतल्या गोळ्या तेवढ्याच. इथवर सगळ्यांना सुचतं. न सुचणारी गोष्ट म्हणजे कारखाना. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात दोन नावं असतात: 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारी कंपनी आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणजे प्रत्यक्ष बनवणारा कारखाना. एकच ब्रँड कधी हिमाचलच्या बद्दीत बनतो, कधी सिक्कीममध्ये, कधी हरिद्वारला. कारखाना बदलला की फॉइल पुरवणारा बदलतो, निळ्याची छटा बदलते, अक्षरांची जाडी बदलते, परवाना क्रमांकही बदलतो. दोन्ही पट्ट्या अस्सल असून त्या जुळ्या दिसत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या "ही पट्टी वेगळी दिसतेय" या तक्रारींपैकी बहुतेक याच जातीच्या असतात.

आण्णांच्या दोन्ही पट्ट्यांवर कारखाना एकच होता, बद्दीचा. म्हणजे तुलना रास्त होती. पत्ता वाचताना पिनकोडही बघून घ्या. हिमाचलचे पिन १७ ने सुरू होतात, सिक्कीमचे ७३७ ने. पत्ता बद्दीचा आणि पिन भलत्याच राज्याचा असेल तर ती टाइपाची चूक म्हणून सोडून देऊ नये. आण्णांच्या दोन्ही पट्ट्यांवर पिन बरोबर होता.

बॅचची ओळ: इथं वेळ घालवा

पट्टीवर दोन वेगळ्या वेळी छापलेला मजकूर असतो. नाव, घटक, पत्ता, लाल रेघ, शेड्यूल एचचा म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा, हा सगळा मजकूर फॉइलच्या मोठ्या रिळावर आधीच छापून येतो. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत आणि किंमत मात्र पॅकिंगच्या दिवशी, मशीनवर, वरून मारली जाते. म्हणून बहुतेक अस्सल पट्ट्यांवर बॅचची ओळ बाकीच्या छपाईपासून वेगळी ओळखू येते. शाई वेगळी असते, बहुधा काळी. इंकजेटने मारली असेल तर भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहिल्यावर अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसतात. ती थोडी तिरकी बसते, कधी आधीच्या मजकुरावर चढते. लोकांना ते गबाळं वाटतं, पण पट्टी मशीनवरून नीट गेली याचीच ती खूण असते. काही कंपन्या शाई न वापरता पट्टीच्या कडेला आकडे दाबून उमटवतात. ते बोटाला लागतात.

माझ्या दुकानातल्या पट्टीवर बॅच काळ्या ठिपक्यांत होता, जरा खाली झुकलेला. पाहुण्याच्या पट्टीवर तो पत्त्याच्याच निळ्या शाईत होता, तितकाच गुळगुळीत. मग मी त्याच्या तीन बंद पट्ट्या एकाखाली एक धरल्या. वरून मारलेली ओळ पट्टीगणिक मिलिमीटरभर तरी सरकते. इथं तिन्ही पट्ट्यांवर बॅचचा पहिला आकडा लाल रेघेपासून अगदी सारख्या अंतरावर होता. म्हणजे बॅच नंबर बाकी मजकुरासोबत एकाच वेळी छापला होता. मला खटकलेली पहिली गोष्ट ही.

पण खटकणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. काही कारखान्यांत हल्ली कोऱ्या फॉइलवर सगळा मजकूर पॅकिंगच्या वेळीच छापतात. तिथं बॅच आणि पत्ता एकाच शाईत येणारच. म्हणून नुसत्या या खुणेवर कुणावर आरोप करू नये. त्याच कारखान्याची आधीची पट्टी वेगळ्या पद्धतीने छापलेली आहे की नाही, एवढंच बघायचं. इथं ती तशी होती.

जाता जाता, फॉइलवरची नावं कडेला अर्धी कापलेली दिसली तर घाबरू नका. रिळावर नाव पुन्हा पुन्हा छापलेलं असतं आणि कात्री कुठंही पडते. स्पिरिट लावून शाई निघते का बघायचा एक उद्योग लोक करतात, तोही बिनकामाचा. अस्सल फॉइलची शाईही पुष्कळदा निघते.

तारखा आणि किंमत

बहुतेक औषधांची मुदत पूर्ण महिन्यांत मोजलेली असते. मे २०२४ मध्ये बनलेल्या आणि तीन वर्षं मुदत असलेल्या गोळीवर एप्रिल २०२७ छापलेलं असतं, कारण छत्तीसावा महिना एप्रिल. माझ्या पट्टीवर हिशोब असाच बसत होता. पाहुण्याच्या पट्टीवर उत्पादन मे आणि मुदतही मेच, तीन वर्षांनंतरचा. एकच कारखाना एकाच मालाची मुदत दोन पद्धतींनी मोजत नाही. खटकलेली दुसरी गोष्ट.

किंमत मात्र फसवी खूण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर एकाच औषधाच्या जुन्या आणि नव्या किमतीच्या पट्ट्या शेजारी शेजारी विकल्या गेल्या. छापील किंमत वेगळी म्हणजे माल बनावट, असं नाही.

विकत घेतलेला दर मात्र बोलतो. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन असतं, इतरांवर साधारण २० टक्के. नावाजलेल्या ब्रँडची पट्टी कुणी ५० टक्के सवलतीत देत असेल तर ती सवलत तो स्वतःच्या खिशातून देत नाही हे उघड आहे. जेनेरिकचं गणित वेगळं असतं. तिथं छापील किंमतच फुगवलेली असते, त्यामुळे मोठी सूट खरी असू शकते. आण्णांच्या पट्टीवर मात्र ब्रँड होता, आणि पाहुण्याला ती व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या कुणीतरी दिली होती. बिल नव्हतं.

आता ते स्पेलिंग

स्पेलिंगची चूक बघावी, पण ती कुठं आहे हे महत्त्वाचं. औषधाच्या मूळ नावात, ताकदीत किंवा शेड्यूल एचच्या ठरलेल्या इशाऱ्यात चूक असेल तर संशय दाट. हा मजकूर कंपनीत अनेक हातांखालून जातो आणि वर्षानुवर्षं तोच असतो. पत्त्यातलं किंवा 'थंड व कोरड्या जागी ठेवा' सारख्या सूचनेतलं अक्षर गळणं अस्सल मालातही होतं. फॉइलवर मजकूर छापणारा सिलिंडर एकदा चुकीचा बनला की ते रीळ संपेपर्यंत हजारो पट्ट्या त्याच चुकीसह बाहेर पडतात.

बनावट करणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही, हा समज जुना आहे. त्याने अस्सल पट्टीचा फोटो काढून सिलिंडर बनवला असेल तर अस्सल पट्टीतलं शुद्ध ते शुद्ध आणि चूक ती चूक, दोन्ही जसंच्या तसं उतरतं.

क्यूआर कोड

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० जास्त खपाच्या ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, कारखाना, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक दिसायला हवेत. पट्टीवर जागा नसेल तर कोड खोक्यावर असतो, म्हणून नुसत्या पट्टीवर तो नसला तर लगेच संशय घेऊ नका. स्कॅन करा आणि स्क्रीनवरचा बॅच पट्टीवर छापलेल्या बॅचशी जुळवा. जुळला नाही तर ते ठोस आहे.

जुळला तर फार काही सिद्ध होत नाही. पुष्कळ कोडमध्ये नुसता मजकूर असतो आणि एका बॅचच्या सगळ्या पट्ट्यांवर तोच कोड असतो. एका अस्सल पट्टीचा फोटो घेतला की तो कोड लाखभर पट्ट्यांवर छापता येतो, आणि तुमचा मोबाइल प्रत्येकीला बरोबर म्हणेल. आण्णांच्या पट्टीवर कोड नव्हता, त्यामुळे ही पायरी आम्हाला लागलीच नाही.

कंपनीला विचारणं

पट्टीवर किंवा खोक्यावर ग्राहक सेवेचा ईमेल असतो. त्यावर चार फोटो पाठवले: दोन्ही पट्ट्यांच्या दोन्ही बाजू, सूर्यप्रकाशात, फ्लॅशशिवाय, कारण फ्लॅशने फॉइल चमकते आणि बॅच वाचता येत नाही. प्रश्न नेमके तीन विचारले. हा बॅच तुमचा आहे का? असल्यास उत्पादनाची तारीख आणि मुदत हीच आहे का? आणि हा बॅच पंधरा गोळ्यांच्या पट्टीत भरला होता का?

तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत. नुसतं "बॅच तुमचा आहे का" विचारलं की "हो" असं उत्तर येऊ शकतं, कारण बनावट करणारा खरा बॅच नंबरच उचलतो. उत्तर यायला दहा-बारा दिवस लागले. माझ्या दुकानातल्या पट्टीबद्दल कंपनीने कबूल केलं की फॉइलच्या एका लॉटमध्ये पत्त्यात चूक राहिली होती, माल अस्सल आहे. पाहुण्याच्या पट्टीवरचा बॅच नंबर त्यांचाच होता, पण त्यांनी तो दहाच्या पट्टीत भरला होता आणि मुदतीचा महिना वेगळा होता.

कंपनी प्रत्येक बॅचचे नमुने मुदत संपल्यानंतरही वर्षभर जपून ठेवते. त्यामुळे तिला प्रत्यक्ष पट्टी नमुन्याशेजारी धरून बघता येते. आपल्याला ते शक्य नसतं.

मग प्रयोगशाळा कशाला?

आण्णांच्या नातवाने हाच प्रश्न विचारला. कंपनी "आमचा नाही" म्हणाली, झालं की. नाही झालं. पट्टी कुणाची नाही हे कंपनी सांगते. गोळीत काय आहे हे ती सांगू शकत नाही. आण्णांनी दीड महिना पोटात काय घातलं, हे कळायला गोळी फोडून यंत्रात घालावीच लागते.

उलटही होतं. पट्टी शंभर टक्के अस्सल आणि आतला माल निकृष्ट, हे खऱ्या कंपनीच्या कारखान्यातही घडतं. त्याला बनावट म्हणत नाहीत, अप्रमाणित म्हणतात. फॉइल बघून ते कधीच कळणार नाही. आणि तिसरी शक्यता म्हणजे कंपनीच अस्तित्वात नसणं. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये नेमकं हेच निघालं. लेबलवरची कंपनी कागदावरचीच होती आणि गोळीत औषध नव्हतं. तिथं तुलनेला अस्सल पट्टी आणणार कुठून? ते प्रयोगशाळेतच उघडं पडलं.

कायद्याची वाट साधी आहे, फक्त फारसं कुणाला ती माहीत नसते. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे कोणताही ग्राहक विकत घेतलेलं औषध शासकीय विश्लेषकाकडे फी भरून तपासायला देऊ शकतो. अर्ज फॉर्म १४-ए मध्ये करायचा, अहवाल फॉर्म १४-बी मध्ये येतो. सांगलीत अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांचं (औषधे) कार्यालय आहे, तिथून पुढचा मार्ग कळतो. राज्याचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. दुकानावर किंवा गोदामावर कारवाई करायची असेल तर मात्र औषध निरीक्षकाने स्वतः जाऊन रीतसर नमुना घ्यावा लागतो. तो सहसा चार भागांत सीलबंद करतात: एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला त्याला. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान देता येतं आणि नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जातो. तुम्ही घरून आणलेल्या फोडलेल्या पट्टीवर हे सगळं उभं राहत नाही.

गोळ्याही पुरेशा लागतात. वीस गोळ्या एकेक करून वजन करतात, मग त्याच वीस कुटून त्यात औषध किती आहे ते मोजतात. विरघळण्याच्या चाचणीला आधी सहा लागतात, निकाल सीमेवर आला तर आणखी सहा, तरीही ठरलं नाही तर बारा. बेरीज चव्वेचाळीस. आमच्याकडे बंद गोळ्या पंचेचाळीस होत्या.

अहवालात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मला वाटलं होतं आत खडूची पूड निघेल. पण गोळीत टेल्मिसार्टन होतं, आणि प्रमाणही मर्यादेत होतं. गोळी नापास झाली ती विरघळण्यात. ३७ अंशांच्या द्रावणात ठरलेल्या वेळात जेवढं औषध बाहेर पडायला हवं, त्याच्या जवळपासही गेलं नव्हतं.

टेल्मिसार्टन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून अस्सल गोळीत त्यासोबत अल्कली घालतात, त्याने ते विरघळण्याजोगं होतं. त्याच अल्कलीमुळे गोळी हवेतली ओल ओढते, आणि म्हणूनच ही गोळी दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्या पट्टीत येते. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीत टेल्मिसार्टन दिसलं तर जरूर विचारा. बनवणाऱ्याने पावडर खरी आणली होती, पट्टी अॅल्युमिनियमची केली होती, पण गोळी बनवायची कृती त्याला माहीत नव्हती किंवा परवडली नव्हती. औषध पोटात जात होतं आणि बहुतेक तसंच बाहेर पडत होतं. नुसतं 'औषध आहे का' एवढंच पाहणाऱ्या चाचणीतही ही गोळी पास झाली असती.

अहवाल आणि कंपनीचं पत्र दोन्ही निरीक्षकांकडे दिलं. पाहुण्याने ज्याच्याकडून माल घेतला त्याचा फोन तोवर बंद झाला होता, आणि बिल नसल्यामुळे माग तिथंच अडकला आहे.

आण्णा अजून माझ्याकडूनच गोळ्या नेतात. सुट्ट्या गोळ्या घ्यायच्या झाल्या तर बॅच आणि मुदत असलेला तुकडा त्यांना दाखवूनच कापतो. नातू बरोबर असला तर बिलावरचा बॅच पट्टीवरच्या बॅचशी जुळवतो, पट्टी उजेडात तिरकी धरतो, आणि मग आजोबांना म्हणतो, "द्या पैसे."